वहीतला आजार, खाटेवरचा माणूस

कोल्हापुरातल्या दसरा चौकाजवळचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणजे आपलं सीपीआर. जुन्या माणसांच्या तोंडी ते अजूनही ‘थोरला दवाखाना’च आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं इथल्या वॉर्डांत खाटेशेजारी उभं राहून डॉक्टरकी शिकतात. सकाळचा राउंड सुरू होण्याआधी मेडिसिनच्या वॉर्डात गेलात, तर एखादी मुलगी खिडकीशी उभी राहून वहीत बघत ओठ हलवताना हमखास दिसेल. तिला आज ‘केस’ सांगायची असते. सर खाटेपाशी येणार, सगळं युनिट भोवती उभं राहणार आणि तिनं पाच-सात मिनिटांत सांगायचं, की हा माणूस कोण, त्याला काय होतंय, तपासल्यावर काय सापडलं, आजार कोणता वाटतो आणि पुढं काय करायचं.

तिच्या हातात वर्गातल्या लेक्चरच्या नोट्स असतात. त्या चुकीच्या नसतात, पण त्यांची दिशा उलटी असते. ही दिशा फिरवायची कशी, हे मुलांना बहुतेक वेळा कुणी बसून सांगत नाही. चार वेळा बोलणी खाऊन ती आपोआप शिकतात. तेच आज एका रुग्णावरून नीट सांगायचं आहे. हा रुग्ण कुणी एक माणूस नाही, अशा अनेकांच्या एकेक गोष्टी जोडून मी तो उभा केला आहे. त्याला आपण ‘अकरा नंबरचे काका’ म्हणू. वय ४२, राहणार इचलकरंजी, काम यंत्रमागावर. आजार असा, की ज्याला लोक ‘छातीत पाणी झालं’ म्हणतात आणि डॉक्टर प्लुरल इफ्युजन. हे पाणी फुप्फुसाच्या आत नसतं. फुप्फुसाला बाहेरून एक पातळ अस्तर असतं आणि छातीच्या पिंजऱ्याला आतून दुसरं. या दोहोंच्या मध्ये एरवी चमचा-दोन चमचेच द्रव असतो. तो वाढला की फुप्फुस खालून दाबलं जातं.

वर्गातल्या वहीत या आजाराची दोन पानं असतात. आधी व्याख्या, मग कारणं, मग द्रवाचे दोन प्रकार, मग लक्षणं, तपासण्या, उपचार आणि शेवटी गुंतागुंत. क्षयरोग, न्यूमोनिया, कर्करोग, हृदय कमजोर होणं, लिव्हर आणि किडनीचे आजार ही कारणांची यादी तर सगळ्यांना तोंडपाठ असते. ही मांडणी आजाराचं नाव आधीच माहीत असलेल्या माणसासाठी आहे. काकांना ते माहीत नाही आणि राउंडला येईपर्यंत ऐकणाऱ्यांनाही ते माहीत नाही असंच धरायचं असतं. म्हणून केसमध्ये ‘लक्षणं’ नावाचं प्रकरण उरतच नाही. त्याच्या जागी काकांच्या तक्रारी येतात, त्यांच्याच क्रमानं आणि त्यांच्या तारखांसह.

विद्यार्थिनीनं पहिल्या दिवशी काय लिहिलं होतं ते पाहू. ‘तीन-चार आठवड्यांपासून ताप, छातीत दुखणं आणि दम लागणं.’ वहीतल्या लक्षणांच्या यादीत हेच तीन शब्द याच क्रमानं आहेत. काकांच्या कॉटवर बसून पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “बरगडीत उसण भरल्यागत व्हायचं. श्वास घेतला की कळ यायची. आता उसण गेली बगा, पर जिना चढला की दम लागतोय.”

या तीन वाक्यांत अर्धं निदान आहे. अस्तराला सूज आली की श्वासाबरोबर दोन्ही थर एकमेकांवर घासतात आणि कळ येते. मधे पाणी साठलं की थर दूर होतात, घासणं थांबतं, दुखणं कमी होतं. आणि त्याच वेळी फुप्फुस दाबलं गेल्यानं दम वाढतो. दुखणं कमी झालं म्हणून काका खूश होते आणि त्यांनी आणखी आठ दिवस घरी काढले. ‘छातीत दुखणं आणि दम’ असं एका ओळीत लिहिलं की हा क्रम पुसला जातो. वहीत रोगाची प्रक्रिया म्हणून जे एक पान आहे, ते केसमध्ये यायचं ते अशा एका वाक्याच्या रूपानं: आधी कळ, मग कळ कमी आणि दम जास्त.

तारखांचंही तसंच. ‘तीन-चार आठवडे’ हे उत्तर घाईत विचारलेल्या प्रश्नाचं असतं. आपल्याकडं माणसं सणावारानं दिवस मोजतात, म्हणून विचारायचं, “बेंदराच्या आधी की नंतर?” काकांनी लगेच सांगितलं, की बेंदराला पोळी अर्धीच खाल्ली आणि ताटावरून उठले. म्हणजे भूक तेव्हाच गेली होती. ताप त्यानंतर चार दिवसांनी, संध्याकाळी कणकण येऊन. कळ तापानंतर दोन दिवसांनी. दम गेल्या दहा दिवसांत. कॅलेंडर काढून मोजलं तर भूक जाऊन २८ दिवस, ताप २४, कळ २२ आणि दम १० दिवस. न्यूमोनियामुळं पाणी झालं असतं तर गोष्ट बहुतेक काही दिवसांतच उभी राहिली असती, थंडी वाजून सणकून ताप आणि बेडका घेऊन. इथं सगळं हळू चाललंय. ही हळू चाल ऐकणाऱ्याच्या कानावर पडली पाहिजे.

आता ती तोंडपाठ कारणांची यादी. मुलं तिला निदानाच्या वेळेसाठी राखून ठेवतात आणि तिथं ती एका दमात म्हणून दाखवतात. खरं तर तिची जागा हिस्टरीतच आहे. यादीतलं प्रत्येक कारण म्हणजे रुग्णाला विचारायचा एक प्रश्न, आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तर तेही केसमधलं एक वाक्य. हृदय कमजोर असेल तर पायांवर सूज येईल, रात्री दम लागून उठून बसावं लागेल. किडनीचं असेल तर सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसेल, लघवी कमी होईल. लिव्हरचं असेल तर पोट फुगेल, कावीळ होऊन गेलेली असेल. कर्करोगासाठी थुंकीतून रक्त, बसलेला आवाज आणि किती वर्षं विडी ओढली हे विचारायचं. काकांना यातलं काही नव्हतं. विडी नाही, तंबाखू मात्र वीस वर्षांपासून. ही ‘नाही’ची वाक्यं ऐकताना सर मान हलवत असतात, कारण एकेक दार बंद होताना त्यांना दिसत असतं. मात्र जे विचारलंच नाही, त्याला ‘नाही’ म्हणायचं नाही. एका मुलीनं एकदा ‘पायांवर सूज नाही’ म्हटलं आणि सरांनी पायावरची चादर बाजूला केली, तेव्हा त्यांच्या बोटाचा खळगा नडगीवर तसाच राहिला. तिनं ते वाक्य वहीतून उचललं होतं, रुग्णाला न विचारता आणि पाय न बघता.

क्षयरोगासाठीचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. “घरात कुणाला टीबी होता का?” असं सगळ्या वॉर्डादेखत विचारलं, तर उत्तर ‘नाही’ असंच येतं. या शब्दाची भीती अजून गेलेली नाही, लग्नं मोडतात. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर जवळ बसून “घरात कुणी सहा महिने गोळ्या घेतल्या होत्या का?” असं विचारलं, तेव्हा काकांनी सांगितलं, की शेजारच्या खोलीत राहणाऱ्या धाकट्या भावानं दोन वर्षांपूर्वी घेतल्या होत्या.

धंद्याबद्दलही एक सापळा आहे. यंत्रमाग म्हटलं की मुलांना सुताची धूळ आठवते आणि त्या धुळीनं होणारा बिसिनोसिस हा दम्यासारखा आजार आठवतो, ज्यात सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. पण त्यानं फुप्फुसाभोवती पाणी साठत नाही. काकांच्या धंद्यातून घ्यायची माहिती दुसरी आहे: पाळी बारा तासांची, पगार विणलेल्या कापडावर, दोन खोल्यांत सहा माणसं, त्यात चार वर्षांची नात. यातली प्रत्येक गोष्ट पुढं उपचाराच्या भागात लागणार आहे, म्हणून ती इथं सांगायची. लागणार नसेल ती सोडून द्यायची.

आणखी एक गोष्ट शेवटी निघाली, तीही काकांच्या खिशातून. गल्लीतल्या डॉक्टरांनी कुठल्या गोळ्या दिल्या होत्या, हे त्यांना सांगता येत नव्हतं. सदऱ्याच्या खिशात मोकळं पाकीट होतं. त्यावर लिव्होफ्लॉक्सॅसिन लिहिलेलं. या वर्गातली प्रतिजैविकं क्षयाच्या जंतूंवरही काम करतात. त्यामुळं ताप चार-पाच दिवस उतरतो, सगळ्यांना वाटतं न्यूमोनियाच होता, आणि निदान लांबतं. काकांचा ताप मधे पाच दिवस गेला होता आणि पुन्हा आला होता, त्याचा उलगडा त्या पाकिटानं झाला. ‘मागील उपचार: तपशील उपलब्ध नाही’ असं लिहून पुढं गेलं असतं, तर केसमधली सगळ्यात कामाची ओळ हुकली असती.

आता तपासणी. इथं वही सगळ्यात जास्त दगा देते, कारण वहीत सगळ्या खुणा ओळीनं लिहिलेल्या असतात. छातीची ती बाजू श्वासाबरोबर कमी हलते. श्वासनळी विरुद्ध बाजूला ढकललेली. बोटानं ठोकलं तर दगडावर ठोकल्यासारखा मंद, बद्द आवाज. स्टेथोस्कोप लावला तर श्वासाचा आवाज ऐकू येत नाही, आणि रुग्णाला ‘एक-दोन-तीन’ म्हणायला लावलं तर तो बोलही छातीवर दबलेला लागतो.

विद्यार्थी असताना मी एका वॉर्डात हीच यादी म्हणून दाखवली होती, ‘श्वासनळी डावीकडे सरकलेली’ या वाक्यासह. आमचे सर काही बोलले नाहीत. त्यांनी माझं बोट धरून रुग्णाच्या गळ्याच्या खळग्यात ठेवलं. श्वासनळी बरोबर मध्यावर होती. मी ती बघितलीच नव्हती, एक्स-रेत पाणी दिसल्यावर ती सरकलेली असणारच, असं मी धरून चाललो होतो. पाणी मध्यम असेल तर श्वासनळी जागच्या जागी राहू शकते. आणि छातीची अख्खी बाजू पाण्यानं भरलेली असताना ती मध्यावरच असेल, तर त्याचा अर्थ आणखी गंभीर असतो. आतलं फुप्फुस एखाद्या गाठीनं बंद पडून आक्रसलं असेल किंवा मधला भाग गाठींनी जखडला असेल, म्हणजेच कर्करोगाची शंका घ्यायची. त्या एका खोट्या वाक्यानं पुढची दिशाच बदलली असती. तेव्हापासून एखाद्या केसमध्ये वहीतल्या सगळ्याच्या सगळ्या खुणा सापडल्याचं ऐकलं, की मी ‘दाखव’ म्हणतो.

काकांचं दुखणं उजव्या बाजूचं होतं, आणि तिथं आणखी एक अडचण होती. उजवीकडं खाली लिव्हर असतं आणि तेही ठोकल्यावर मंदच वाजतं. समोरून साधारण पाचव्या बरगडीच्या खालच्या फटीपासून हा मंद आवाज निरोगी माणसातही सुरू होतो. मग हे पाणी की लिव्हर? यासाठी नुसतं समोरून ठोकून भागत नाही. काखेत आणि पाठीवर ठोकायचं, कारण पाणी बसलेल्या माणसात तिथंही चढलेलं असतं. शिवाय जिथं मंद आवाज सुरू होतो तिथं बोट ठेवून काकांना खोल श्वास घेऊन धरायला सांगायचं. लिव्हर असेल तर ते छाती-पोटामधल्या पडद्याबरोबर खाली सरकतं आणि बोटाखालचा आवाज पोकळ होतो. पाणी असेल तर फरक पडत नाही. काकांच्या बाबतीत फरक पडला नाही. काखेत मंद आवाज चौथ्या फटीपासूनच सुरू होत होता, म्हणजे समोरच्यापेक्षा वर.

ठोकून ऐकण्याची ही पद्धत व्हिएन्नातल्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ साली पुस्तकरूपानं मांडली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव होते, आणि पिंपात दारू कुठवर आहे हे ठोकून बघायची रीत त्यांनी घरी पाहिली असावी, असं म्हणतात. आपल्याकडं तेलाचा डबा किती भरलाय ते बघायला आपण टिचकी मारतोच. वॉर्डातल्या मुलांना हे सांगितलं की त्यांचं मधलं बोट लगेच नीट पडायला लागतं.

मंद आवाजाचे दोन आजार वेगळे करणं हा तपासणीचा खरा गाभा आहे. न्यूमोनियानं फुप्फुस घट्ट झालं तरी ठोकल्यावर आवाज मंदच येतो. पण घट्ट झालेल्या फुप्फुसातून बोल मोठा आणि स्पष्ट ऐकू येतो, तर पाण्यातून दबतो. म्हणून केस सांगताना ‘बोल दबलेला’ हे वाक्य मंद आवाजाच्या लगेच पाठोपाठ यायला हवं, तीन वाक्यांनंतर नव्हे. ऐकणाऱ्याच्या मनात दोन शक्यता त्याच क्षणी उभ्या राहतात आणि त्यातली एक लगेच खाली बसते.

निदान सांगताना मुलं एकच शब्द सांगून थांबतात, ‘प्लुरल इफ्युजन’. हे अर्धंच झालं. कुठं आणि किती, कशामुळं, आणि त्यानं माणसाचं काय अडलंय, ही तिन्ही उत्तरं एका वाक्यात यायला हवीत. काकांसाठी ते वाक्य असं होतं: ‘उजव्या बाजूला मध्यम प्रमाणात पाणी, बहुधा क्षयरोगामुळं, बसून राहिल्यावर दम नाही पण एक जिना चढल्यावर लागतो.’ त्यानंतर लगेच आपल्या बाजूचे मुद्दे सांगायचे: हळू चढलेला संध्याकाळचा ताप, गेलेली भूक, चार किलो घटलेलं वजन, घरातला जुना रुग्ण. आणि आपल्या विरुद्ध जाणारंही सांगायचं. तंबाखू आहे, वय चाळिशीपुढचं आहे, म्हणून कर्करोग पूर्ण सोडलेला नाही. हे वाक्य घालायला मुलं कचरतात, त्यांना वाटतं आपलं निदान कच्चं दिसेल. उलट तपासणीचं पाणी कुठं पाठवायचं, हे त्या एका वाक्यावरूनच ठरतं.

आणि इथंच वहीतलं तपासण्यांचं प्रकरण संपूर्ण बदलतं. वहीत यादी असते. केसमध्ये प्रत्येक तपासणीसमोर तिच्याकडून हवं असलेलं उत्तर असतं. काकांच्या पाठीतून सुईनं पाणी काढलं. सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात, कारण रक्तवाहिन्या आणि नस बरगडीच्या खालच्या कडेनं जातात. पाणी वाळलेल्या गवताच्या पिवळट रंगाचं निघालं, सुमारे ८०० मिलिलिटर. एका वेळी एक ते दीड लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत. दबलेलं फुप्फुस एकदम फुगलं तर त्यातच पाणी झिरपून दम वाढू शकतो. काढताना खोकला लागला किंवा छाती आवळली तर तिथंच थांबायचं.

पहिला प्रश्न असा, की हे पाणी अस्तराच्या आजारानं आलंय की हृदय, लिव्हर, किडनीच्या बिघाडानं नुसतं पाझरलंय? त्याचं उत्तर पाण्यातलं आणि रक्तातलं प्रोटीन ताडून मिळतं. १९७२ साली रिचर्ड लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे निकष घालून दिले. त्यातला एक असा, की पाण्यातलं प्रोटीन रक्तातल्या प्रोटीनच्या निम्म्याहून जास्त असेल तर आजार अस्तराचा. काकांचं पाण्यात ५.२ आणि रक्तात ७.० होतं, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश. दुसरा प्रश्न: अस्तराचा आजार कोणता? पेशींत ९० टक्के लिम्फोसाइट्स, आणि एडीए नावाचं विकर ६८. आपल्याकडं ४० च्या वर आणि लिम्फोसाइट्स जास्त असतील तर क्षयाकडं बोट जातं. पण एडीए पू झाल्यावर आणि काही रक्ताच्या कर्करोगांतही वाढतं, म्हणून तो आकडा एकटा सांगायचा नसतो. कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत. पाण्याची सीबीनॅट तपासणीही निगेटिव्ह आली. इथं मुलं गोंधळतात. या अस्तराच्या क्षयात पाण्यात जंतू फारच थोडे असतात, त्यामुळं सीबीनॅट पॉझिटिव्ह आली तर पक्कं निदान, पण निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असं होत नाही.

एक तपासणी मात्र बहुतेक मुलं विसरतात, कारण वहीत हा आजार ‘फुप्फुसाबाहेरचा क्षय’ या सदरात आहे. ती म्हणजे थुंकी. पाण्याखाली झाकलेल्या फुप्फुसातही क्षय असू शकतो, आणि तो असला तर नातीला लागण होण्याचा धोका वाढतो. काकांची थुंकी तपासायला पाठवली, सोबत एचआयव्ही आणि साखरही. एचआयव्हीचा निकाल राउंडला खाटेपाशी मोठ्यानं सांगायचा नाही. तो कागदावर दाखवायचा.

राहिला आराखडा. विद्यार्थिनीनं लिहिलं होतं: ‘क्षयरोगविरोधी औषधं, गरजेप्रमाणे पाणी काढणं, सकस आहार.’ हे कुठल्याही रुग्णाला लागू पडेल, म्हणून ते काकांच्या कामाचं नाही. अमेरिकेतले डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली एक साधा आग्रह धरला होता, की रुग्णाचे प्रश्न क्रमांक घालून लिहा आणि प्रत्येक प्रश्नासमोर त्याचाच उपाय लिहा. तसं लिहायला घेतलं की किती, केव्हा आणि कोण, हे आपोआप विचारावं लागतं. काकांचं वजन ४६ किलो. राष्ट्रीय कार्यक्रमात ३५ ते ४९ किलोच्या गटाला चार औषधं एकत्र असलेल्या ३ गोळ्या रोज, दोन महिने. मग तीन औषधांच्या गोळ्या चार महिने. सुरू करण्याआधी लिव्हरची तपासणी. लघवी नारिंगी होईल, त्यात घाबरायचं नाही, हे आजच सांगायचं. नाहीतर पहिल्याच दिवशी माणूस रक्त जातंय म्हणून गोळ्या बंद करतो. मात्र उलट्या झाल्या, डोळे पिवळे झाले किंवा रंग ओळखताना गडबड व्हायला लागली, तर गोळ्या थांबवून लगेच यायचं. नातीची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची. निक्षय पोर्टलवर नोंद करायची. निक्षय पोषण योजनेतून मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० झाले आहेत, पण ते बँक खात्यात येतात, म्हणून पासबुक मागवायचं. ‘सकस आहार’ या दोन शब्दांचा खरा अर्थ कापडाच्या मापावर पगार असलेल्या माणसासाठी एवढाच आहे. गोळ्या इचलकरंजीतच, घराजवळच्या सरकारी दवाखान्यातून मिळतील अशी सोय करायची, कारण महिन्याला कोल्हापूरची एक फेरी म्हणजे एक पाळी बुडाली.

शेवटी, आपलं चुकलं हे कळणार कसं, तेही आराखड्यातच लिहायचं. ताप साधारण दोन आठवड्यांत उतरायला लागला पाहिजे. पाणी पूर्ण जिरायला बरेच आठवडे लागतात, त्याची घाई करायची नाही. पण महिनाभर गोळ्या नीट घेऊनही ताप आणि पाणी तसंच राहिलं, तर एडीएला चिकटून न राहता अस्तराचा तुकडा काढून बघायचा.

सगळं जुळवून विद्यार्थिनीनं तिसऱ्या दिवशी राउंडला केस सांगितली, ती इथं मराठीत देतो. वॉर्डात ती इंग्रजीत असते.

“४२ वर्षांचे, इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार. २८ दिवसांपूर्वी भूक गेली, २४ दिवसांपासून संध्याकाळचा ताप, २२ दिवसांपासून उजव्या बरगडीत श्वासाबरोबर कळ. गेल्या दहा दिवसांत कळ कमी होऊन दम वाढला, उजव्या कुशीवर झोपलं की बरं वाटतं. लिव्होफ्लॉक्सॅसिननं ताप पाच दिवस उतरून पुन्हा आला. चार किलो वजन घटलं. पायांवर सूज, रात्रीचा दम, थुंकीतून रक्त नाही. भावानं दोन वर्षांपूर्वी क्षयाचे उपचार घेतले. तपासणीत उजवी बाजू कमी हलते, श्वासनळी मध्यावर, काखेत चौथ्या फटीपासून खाली मंद आवाज, बोल दबलेला. उजवीकडे मध्यम पाणी, बहुधा क्षयामुळं. पाण्याचं प्रोटीन, लिम्फोसाइट्स आणि एडीए त्याला पुष्टी देतात, कर्करोगाच्या पेशी नाहीत. आजपासून रोज तीन गोळ्या, थुंकीचा अहवाल उद्या, कुटुंबाची तपासणी शनिवारी, ताप दोन आठवड्यांनी पुन्हा पाहणार.”

दोन मिनिटांच्या आत संपली. सरांनी फक्त गळ्याच्या खळग्यात बोट ठेवून बघितलं. मग युनिट पुढच्या खाटेकडं निघालं, तेव्हा ती मागं थांबली आणि काकांना मराठीत दोन वाक्यांत सगळं सांगितलं. इंग्रजी बोलण्यातून त्यांनी ‘टीबी’ एवढा एकच शब्द पकडला होता आणि त्यांचा चेहरा उतरला होता. सहा महिन्यांत बरा होणारा आजार आहे, हे त्यांना तेव्हा कळलं.

हे वाचणाऱ्यांपैकी फार थोडे डॉक्टर असतील, पण दवाखान्यात जाणारे सगळेच आहेत. केसमधला निम्म्याहून जास्त भाग तुमच्याकडूनच यायचा असतो. म्हणून जाताना जुने कागद न्या, खाल्लेल्या गोळ्यांची मोकळी पाकिटं फेकू नका, आणि काय केव्हा सुरू झालं ते तारीख आठवत नसेल तर सणावरून सांगा. एप्रन घातलेली पोर तेच तेच तिसऱ्यांदा विचारायला आली, तर तिला उत्तर द्या.